भाड्याच्या घरात आईसाठी ग्रॅब बार: मालकांना कसं विचारलं आणि शेवटी कसा बसला

आई आता कायमची आमच्याकडे राहायला आलीये आणि आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये. तिचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत, उजवा खांदा एकदा आखडला तो पुन्हा पूर्ण वर जातच नाही, आणि बीपीच्या गोळीमुळे पटकन उभी राहिली की क्षणभर गरगरतं. म्हणजे सगळा प्रॉब्लेम कुठे तर कमोडवरून उठताना. अंघोळीचं काही वाटत नाही, ती स्टुलावर बसून करते आणि मी बाहेर उभी असते, पण संडासला जाताना कोण कुणाला सोबत घेऊन जातं? आणि रात्री तर ती आम्हाला उठवतही नाही. बाथरूमच्या भिंतीत एक धरायचा दांडा हवा एवढीच साधी गोष्ट, पण अ‍ॅग्रीमेंटमध्ये स्पष्ट लिहिलेलं की मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भिंतींना भोकं पाडायची नाहीत. ते सगळं कसं जमलं ते जरा सविस्तर लिहिते, कारण परवानगी मिळणं आणि दांडा बरोबर जागी बसणं या दोन गोष्टी मला वाटल्या होत्या त्यापेक्षा खूप जास्त एकमेकींत अडकलेल्या निघाल्या.

मालकांना फोन लावायच्या आधी मी फक्त आईचा हात कुठे जातो ते बघितलं. तिला कपड्यांसकट कमोडवर बसवलं आणि सांगितलं तू नेहमी उठतेस तशी ऊठ, माझ्याकडे बघू नकोस. सकाळी उठल्या उठल्या एकदा, दुपारी एकदा, कारण सकाळी तिचे गुडघे जास्त धरलेले असतात आणि ती वेगळ्याच पद्धतीने उठते. दिसलं काय तर डावा हात सरळ टॉवेलच्या दांडीवर. ती दांडी दोन बारक्या स्क्रूंवर आहे, ओला टॉवेल टाकला तरी किंचित हलते, आणि आई रोज आपलं निम्मं वजन तिच्यावर टाकत होती. दांडी पोचली नाही की मग पुढे वाकून बेसिनची कड. बेसिन म्हणजे आणखी वाईट, ते भिंतीतून सुटलं तर तिच्या पायावरच येणार.

तिच्या फिजिओ मॅडम घरी येतात, त्यांना दाखवलं. त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला दुकानात कुणी सांगितली नसती. माणूस दोन प्रकारे उठतो, समोरचं काहीतरी धरून स्वतःला ओढून घेतो किंवा बाजूला हात दाबून स्वतःला वर ढकलतो. खांदा कमजोर असेल तर ओढणं टाळायचं, दाबून उठायचं. म्हणजे आईला आडवा दांडा हवा, बसल्यावर कोपर जिथे येतं साधारण त्या उंचीला, आणि तोही डाव्या भिंतीवर, कारण उजव्या हातात जोर नाही. आणि उभी राहिल्यावर गरगरतं तेव्हा तोल सांभाळायला थोडा पुढे एक उभा दांडा हवा. आडवा दाबायला, उभा पकडायला. दोन्ही एकात म्हणजे एल आकाराचा ग्रॅब बार मिळतो, तो घ्या म्हणाल्या.

उंचीचं पण ऐका. सगळीकडे जमिनीपासून ३३ ते ३६ इंच असं लिहिलेलं सापडतं. ते सार्वजनिक ठिकाणांसाठीचं माप आहे, सरासरी उंचीच्या माणसाचं. आई बुटकी आहे, आमच्या कमोडची सीट १६ इंचावर, आणि ३३ इंचावर चिकटपट्टी लावून तिला हात ठेवायला सांगितलं तर तिचा खांदा कानाला लागायला आला, त्या अवस्थेत दाबायला जोर येणार कुठून! मग पट्टी हळूहळू खाली आणली आणि २७ इंचावर ती पहिल्यांदा म्हणाली, "हां, इथं बरं वाटतंय." फिजिओ मॅडमनी पण मान डोलावली. त्या जागी रंगीत चिकटपट्टीने पूर्ण एल आखला, आडवी बाजू २४ इंच, उभी बाजू १८ इंच, उभी बाजू सीटच्या पुढच्या कडेपासून दहाएक इंच पुढे. फोटो काढले, एक लांबून, एक मोजपट्टी लावून. हे फोटो पुढे फार कामाला आले.

भोकं न पाडता जमेल असं काय काय आहे ते पण आधीच तपासून ठेवलं कारण मालक पहिला प्रश्न तोच विचारणार हे उघड होतं. व्हॅक्यूमवाले दांडे येतात, रबरी कप टाइलला चिकटवायचे आणि खटका दाबायचा. एक आणून बघितला. गुळगुळीत मोठ्या टाइलवर तो छान बसतो, पण आमच्या टाइल्स लहान आहेत, कपाखाली कुठेतरी सांधा येतोच आणि सांध्यातून हळूहळू हवा आत शिरते. संध्याकाळी लावलेला, सकाळी मी बाजूने जोर दिला तर फटकन हातात आला. आणि त्याच्या खोक्यावरच लिहिलंय की फक्त तोल सांभाळण्यासाठी, शरीराचं वजन टाकू नये. दुसरा पर्याय कमोडभोवती ठेवायची स्टीलची फ्रेम, दोन्ही बाजूंना हात असलेली. चांगली असते ती, पण दोन्ही हातांनी सारखं दाबणाऱ्यासाठी. आई सगळा जोर डाव्या हातावर टाकते, मग उजवीकडचे पाय जमिनीवरून उचलतात. सीटच्या बोल्टला अडकणारी फ्रेम पण असते, ती एवढी कलंडत नाही, पण आमचं बाथरूम अरुंद, त्यात फ्रेम ठेवली तर तिचा वॉकर आत वळत नव्हता. आणि सीटवर ठेवायचं उंच प्लास्टिकचं रिंगण आणलं तर आईचे पाय धड जमिनीला टेकेनात. पाय नीट टेकलेले नसतील तर उठणार कशी, म्हणून ते परत केलं.

एवढं झाल्यावर मालकांना मेसेज लिहिला. माझा भाऊ म्हणत होता कायदा काय म्हणतो ते बघ आणि सरळ तसं लेटर पाठव. तो चुकीचा नाही, काही ठिकाणी अशा विनंतीला कायद्याचा आधार असतो आणि मालकाने साफ नकार दिला तर ती वाट बघावीच लागते. पण पहिल्याच मेसेजमध्ये कायदा काढला की समोरचा माणूस वकिलाला विचारायला जातो आणि वकील कुणाला "द्या परवानगी" असं सांगत नाही. म्हणून ते राखून ठेवलं. फोनवर पण बोलायचं नाही असं ठरवलं, कारण फोनवर "भोकं" हा शब्द आला की माणूस पुढचं ऐकतच नाही. मेसेज साधारण असा होता:

"काका नमस्कार. आई आता आमच्याकडे राहते. तिला कमोडवरून उठताना आधार लागतो. त्यासाठी बाथरूमच्या डाव्या भिंतीवर स्टीलचा एक एल आकाराचा ग्रॅब बार बसवायची परवानगी हवी होती. जागा फोटोत चिकटपट्टीने दाखवली आहे. एकूण तीन ठिकाणी तो भिंतीला लागेल, प्रत्येकी तीन स्क्रू, म्हणजे नऊ भोकं, सगळी या एकाच भिंतीवर. बार आणि मजुरीचा खर्च आमचा. मिस्त्री तुम्ही सांगाल तो. फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी सोबत जोडली आहे. तुम्हाला काही शंका असेल तर येऊन जागा बघा, मग ठरवू."

आईच्या आजारांची यादी लिहिली नाही. एक तर ते तिचं खासगी आहे, आणि दुसरं म्हणजे जास्त आजार लिहिले की मालकाच्या डोक्यात वेगळीच भीती सुरू होते, उद्या हिला काही झालं तर माझ्यावर येईल वगैरे. चिठ्ठीत पण मॅडमना सांगून फक्त एवढंच लिहून घेतलं की उठताना आधाराची गरज आहे, दांडा डाव्या बाजूला हवा, आणि व्हॅक्यूमचा किंवा सुटा आधार या पेशंटला चालणार नाही. ते शेवटचं वाक्य मुद्दाम मागून घेतलं.

उत्तर आलं, "विचार करून सांगतो." मग शांतता. मग मी नुसतं आठवण करून देणारा मेसेज न टाकता व्हॅक्यूमचा दांडा निघून आलेला फोटो पाठवला आणि लिहिलं की हे करून बघितलं, टिकत नाहीये. त्यावर त्यांचा फोन आला.

आणि फोनवर कळलं की अडचण दांड्याची नव्हतीच. आधीच्या भाडेकरूने त्याच बाथरूममध्ये न विचारता कपाट टांगलं होतं, ड्रिल मारताना दोन टाइल्स तडकल्या आणि त्या डिझाइनच्या टाइल्स आता कुठेच मिळत नाहीत. वर कधीतरी खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली होती, ती कुठून आली ते कधीच नक्की कळलं नाही, पण बाथरूम पूर्ण उकरून वॉटरप्रूफिंग करायचा खर्च यांच्या बोकांडी बसला. काका म्हणाले, "तुमच्या आईंना नाही म्हणायला मला काय हौस आहे का, पण एकदा पाणी भिंतीत शिरलं ना की मग तुम्ही निघून जाता आणि मी खालच्यांची बोलणी खात बसतो." खरंच होतं ते. त्यांनी हेही विचारलं की आई किती दिवस आहेत तुमच्याकडे. मी दोन सेकंद गप्प झाले, मग लक्षात आलं की त्यांना राहण्याबद्दल विचारायचंय. म्हटलं, "काका, आता इथेच राहणार ती."

मी म्हटलं तुम्ही एकदा येऊनच बघा. ते आले, सोबत त्यांचा नेहमीचा प्लंबर. इथे ते फोटो आणि चिकटपट्टी उपयोगी पडली, कारण हवेत बोलायची गरजच राहिली नाही, जागा समोर होती. प्लंबरने सांगितलं की वॉटरप्रूफिंग मुख्यतः जमिनीवर असतं आणि भिंतीवर थोडं वरपर्यंत चढवलेलं असतं, शॉवरच्या बाजूला जास्त उंच. ही कमोडची भिंत, शॉवर समोरच्या टोकाला, आणि सगळ्यात खालचं भोक जमिनीपासून दोन फुटांच्या वरच. म्हणजे धोका होता तो मुख्यतः भिंतीतल्या पाइपचा आणि टाइल तडकण्याचा. पाइप कुठून जातात ते त्यालाच माहीत होतं कारण त्या उकराउकरीत तोच होता. फ्लशच्या टाकीची लाइन कमोडच्या मागच्या भिंतीतून येते, डाव्या भिंतीत काही नाही. हे ऐकल्यावर काकांचा चेहरा जरा सैल झाला.

तेवढ्यात आई बाहेर आली आणि काकांना म्हणाली, "बसा हो, चहा घ्या, एवढं काही नाही, माझं चालतंय तसंच." झालं! मी एवढे दिवस जे पटवतेय ते हिने एका वाक्यात पुसलं. हे जवळपास प्रत्येक म्हाताऱ्या माणसाबद्दल होणार, मालक समोर असताना ते संकोचाने नाही नाहीच म्हणणार, त्याची तयारी ठेवा. मी काही बोलले नाही, फक्त म्हटलं आई तू काकांना टॉवेलची दांडी दाखव ना हलवून. तिने हलवली. काका बघत राहिले.

मग खरा व्यवहार सुरू झाला, जाताना काय करायचं याचा. लोक सहज लिहून देतात की "घर सोडताना पूर्ववत करून देऊ". मी ते लिहायला नकार दिला, कारण टाइलला पडलेलं भोक पूर्ववत होत नाही. ते टाइलच्या रंगाच्या फिलरने बुजवता येतं, पाणी आत जाणार नाही इतपत पक्कं होतं, पण जवळून बघितलं तर ठिपका दिसतोच. आणि टाइल बदलायची म्हटलं तर त्या डिझाइनची टाइलच नाही. "पूर्ववत" लिहून दिलं असतं तर शेवटच्या दिवशी डिपॉझिट त्या शब्दावर अडलं असतं. म्हणून मी दोन पर्याय ठेवले. एक, आम्ही गेलो तरी बार तिथेच राहील आणि तो तुमचा झाला. दोन, तुम्हाला नको असेल तर आम्ही काढून भोकं फिलरने बुजवून देऊ, नऊ ठिपके दिसतील, त्याचे पैसे कापायचे नाहीत. काका म्हणाले, "राहू दे की मग, पुढचा भाडेकरू म्हातारा असला तर?" उलट काम करताना टाइल तडकली किंवा पाइप फुटला तर खर्च आमचा हे मी आपणहून घातलं, कारण त्यांची भीती तीच होती आणि ती आपल्या बाजूने लिहून दिल्यावर बाकी कशाला ते अडले नाहीत.

हे सगळं त्यांच्या घरी जाऊन स्टँप पेपरवर वगैरे नाही केलं. मीच मुद्दे लिहून पाठवले आणि म्हटलं काका फक्त "मान्य" असं उत्तर द्या. त्यांनी दिलं. त्याचा स्क्रीनशॉट आणि भिंतीचे कामाआधीचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवले. भिंतीवर आधीच एक केसासारखी चीर होती, तिचा फोटो मुद्दाम जवळून काढून त्यांनाही पाठवला म्हणजे नंतर ती आमच्या नावावर नको.

रॅम्पचं पण याच वेळी विचारलं होतं आणि ते काही जमलं नाही, ते थोडक्यात सांगते. फ्लॅटच्या मुख्य दाराबाहेर पाच इंचाची पायरी आहे. रॅम्पचा उतार साधारण एकास बारा धरतात, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी, तर पाच इंचाला पाच फूट. एवढा रॅम्प दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये येणार आणि पॅसेज काकांचा नाहीच, तो सगळ्या बिल्डिंगचा. काका हो म्हणाले तरी त्याला काही अर्थ नव्हता, कमिटीकडे वेगळा अर्ज करावा लागणार आणि आग लागली तर बाहेर पडायच्या वाटेत पाच फूट रॅम्प कोण टाकू देईल! कुणीतरी सुचवलं की अडीच फुटाचा करा, जागेत बसेल. बसेल, पण उतार दुप्पट खडा होईल आणि वॉकर घेऊन उतरणाऱ्या माणसाला त्यापेक्षा पायरी परवडली, वॉकर पुढे पळतो. पायरीसाठी मग दाराच्या आतल्या बाजूला भिंतीवर एक छोटा उभा बार मागितला, तो घरातलाच असल्यामुळे काकांनी त्याच परवानगीत घातला. बाथरूमच्या दारातला उंबरा मात्र इंचभरच होता, तिथे रबराचा सुटा उतार ठेवला, फूटभर लांबीचा, त्याला कसलीच तोडफोड नाही. तो उंबराच फोडून टाकू का असं मिस्त्री विचारत होता, त्याला नको म्हटलं, तो उंबरा बाथरूमचं पाणी अडवायला असतो.

बसवायचा दिवस. ज्यांच्याकडे हे काम व्हायचंय त्यांनी निदान बघत उभं राहावं म्हणून लिहिते, स्वतः करायची गरज नाही. मिस्त्रीने आधी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने प्रत्येक टाइल ठोकून बघितली. भरीव टाइलचा आवाज ठक्क येतो, मागे पोकळी असेल तर बद्द वाजतं. जिथे बारची पुढची बैठक, म्हणजे भिंतीला स्क्रूने लागणारी चकती, येणार होती ती टाइल बद्द वाजली. पोकळ टाइलवर स्क्रू आवळला की ती आत दाबली जाऊन तडकते. मग पूर्ण बार दोन इंच पुढे सरकवायचा ठरला. आईला परत बसवून बघितलं, हात पोचतोय. आणि ड्रिल लावायच्या आधी काकांना नव्या जागेचा फोटो पाठवून "चालेल ना" विचारलं. मिस्त्री वैतागला, दोन इंचाला कसली परवानगी म्हणून, पण फोटोतली जागा आणि प्रत्यक्षातली जागा वेगळी असली की परवानगीला भोक पडतं, भिंतीला पडायच्या आधीच.

टाइलवर चिकटपट्टी लावून तिच्यावर खूण केली म्हणजे ड्रिल घसरत नाही. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून, टाइलचा वेगळा बिट लावून, हळू. टाइल पार झाली की मगच बिट बदलून हॅमर चालू. ही एक गोष्ट पाळली नाही की टाइल तडकते, आधीच्या भाडेकरूचं बहुतेक हेच झालं असणार. भोकातून काय रंगाची पूड येते तिकडे लक्ष ठेवा. आमची लाल आली, म्हणजे पक्की वीट, त्यात साधा प्लग आणि लांब स्टेनलेस स्क्रू धरतो. पांढरी, पिठासारखी मऊ पूड आली तर ते हलके ब्लॉक असतात आणि त्यात साधा प्लग सुरुवातीला घट्ट वाटतो पण रोज वजन पडून हळूहळू सैल होतो, तिथे लांब अँकर नाहीतर केमिकल अँकर लागतो, भोकात रेझिन भरून रॉड बसवतात ते. ड्रिल मध्येच एकदम आत शिरलं तर वीट पोकळ आहे, तिलाही वेगळी जाळीची नळी लागते. आणि पूड ओली यायला लागली तर जागच्या जागी थांबायचं, पाइप किंवा ओल जवळ आहे.

प्रत्येक भोकात स्क्रूच्या आधी सिलिकॉन भरलं, मग बैठकीच्या भोवतीने एक रेघ, फक्त खालच्या बाजूला थोडी फट सोडली. मला ते अर्धवट वाटलं तर तो म्हणाला वरून पाणी शिरलंच तर त्या फटीतून बाहेर दिसेल, सगळं बंद केलं तर आत मुरत बसेल. सिलिकॉन सुकायला एक पूर्ण दिवस दिला, तोपर्यंत आईला हात लावू दिला नाही. बार घेताना जाडी बघून घेतली होती, साधारण दीड इंच व्यास, आईची मूठ पूर्ण वळते एवढा, आणि दांडा व भिंत यात दीड इंच मोकळी जागा. त्यापेक्षा जास्त जागा असली की घसरल्यावर हात कोपरापर्यंत आत अडकून मोडू शकतो. चकचकीत पॉलिशपेक्षा किंचित खरखरीत घेतला, ओल्या हाताला चकचकीत दांडा निसटतो.

दुसऱ्या दिवशी आधी मी लटकले. अक्षरशः, दोन्ही हातांनी धरून, पाय सैल सोडून, मग आडव्या बाजूवर सगळं वजन दाबून. नवरा बैठकींकडे बघत होता, कुठे फट पडतेय का, सिलिकॉनची रेघ ताणली जातेय का. काही हललं नाही. चांगले बार शंभर किलोच्या वर वजनासाठी बनवलेले असतात, पण तो आकडा बारचा आहे, तुमच्या भिंतीचा नाही, त्यामुळे हे लटकणं टाळू नये.

आणि मग काय झालं असेल? आई आत गेली आणि सवयीने टॉवेलच्या दांडीलाच हात घातला. नवा दांडा शेजारी असताना! शेवटी ती दांडीच काढून टाकली, काकांना कळवून, स्क्रूसकट पिशवीत घालून कपाटात ठेवली, टॉवेल आता दाराच्या मागे. त्यानंतर आठवड्याभरात तिचा हात आपोआप बारवर जायला लागला. गरगरतं तेव्हा ती आता उभी बाजू धरून दहापर्यंत मोजते आणि मग पाऊल टाकते, हे फिजिओ मॅडमनी शिकवलं.

आता दर महिन्याला मी तो एकदा जोरात हलवून बघते आणि बैठकीच्या खालच्या फटीला बोट लावून ओल आहे का बघते. अ‍ॅग्रीमेंट रिन्यू करायच्या वेळी काकांना म्हटलं मेसेजमधलं आता त्यातच घालू या, तर त्यांनी काही न बोलता घातलं: बाथरूममधला ग्रॅब बार आणि दाराजवळचा छोटा बार मालकाच्या संमतीने बसवलेले असून घर सोडताना जागेवरच राहतील, त्यापोटी डिपॉझिटमधून वजावट होणार नाही. पायरीच्या रॅम्पचा अर्ज कमिटीकडे दिलाय. पॅसेजमध्ये कायमचा नाही तर लागेल तेव्हा टाकायचा आणि उचलून ठेवायचा घडीचा रॅम्प चालेल का, असं विचारलंय, त्यांची मीटिंग व्हायचीये.